वॉशचं अल्कोहोल, एक मायक्रोलिटरची सिरिंज आणि प्रोपॅनॉलची बाटली

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याला जोडून असलेल्या डिस्टिलरीतलं हे प्रकरण आहे. हंगाम भरात होता, मळी रोज येत होती, फर्मेंटर एकामागून एक भरत होते. प्रयोगशाळेत एक गॅस क्रोमॅटोग्राफ होता, म्हणजे नमुन्याची वाफ करून त्यातले पदार्थ वेगवेगळे मोजणारं यंत्र. त्याला कार्बोवॅक्सचा कॅपिलरी कॉलम आणि फ्लेम आयोनायझेशन डिटेक्टर, म्हणजे एफआयडी. ऑटोसॅम्पलर मात्र नव्हता. दहा मायक्रोलिटरच्या काचेच्या सिरिंजने एक मायक्रोलिटर नमुना हातानेच टोचला जायचा.

काम साधंच होतं. किण्वन संपलेल्या वॉशमध्ये, म्हणजे मळीच्या आंबलेल्या द्रावणात, इथेनॉल किती टक्के आहे ते सांगायचं. १०० मिली वॉश काचेच्या फ्लास्कमध्ये उकळून त्याचा अर्क काढायचा, तो पाण्याने पुन्हा १०० मिली करायचा, मग वीसपट पातळ करून टोचायचा. वॉश थेट टोचला तर त्यातली उरलेली साखर आणि क्षार इंजेक्टरमधल्या गरम काचनळीत, म्हणजे लायनरमध्ये, जळून बसतात, म्हणून आधी अर्क. शेजारी माहीत असलेल्या इथेनॉलचं द्रावण टोचायचं आणि दोन्हींच्या पीकच्या, म्हणजे आलेखावरच्या उंचवट्याच्या, एरियाची तुलना करायची. याला एक्स्टर्नल स्टँडर्ड पद्धत म्हणतात आणि बहुतेक ठिकाणी हीच चालते.

अडचण आली ती तिसऱ्या नंबरच्या फर्मेंटरवर. सकाळच्या शिफ्टने ८.८ टक्के लिहिलं आणि दुपारच्या शिफ्टने त्याच बाटलीतल्या अर्कावर ७.४. फर्मेंटर एक लाख लिटरचा असेल तर या दोन आकड्यांमध्ये सुमारे १,४०० लिटर अल्कोहोलचा फरक पडतो. उत्पादन विभागाला वाटलं प्रयोगशाळा झोपलीय, प्रयोगशाळेला वाटलं अर्क उडाला. बाटलीचं बूच घट्ट होतं, त्यामुळे दुसरी शंका लवकरच मागे पडली. प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मॅडमनी मग एकच अर्क, एकच माणूस, एकच सिरिंज घेऊन लागोपाठ पाच इंजेक्शनं करायला लावली. इथेनॉलचा एरिया दर इंजेक्शनला वेगळा आला. अर्क तोच होता. हलत होतं ते टोचलेलं आकारमान.

एक मायक्रोलिटर म्हणजे नक्की किती

सिरिंजच्या नळीवर एकची खूण असते, पण सुईच्या आतली पोकळी त्या खुणेत धरलेली नसते. दहा मायक्रोलिटरच्या सिरिंजमध्ये ही पोकळी अर्ध्या मायक्रोलिटरहून जास्त असते. सुई दोनशेच्या वर तापलेल्या इंजेक्टरमध्ये शिरली की सुईत अडकलेला द्रव उकळून बाहेर पडतो. प्लंजर दाबण्याआधी सुई क्षणभर जास्त आत राहिली तर तो आधीच उकळायला लागतो, आणि दाबल्यावर ती उशिरा काढली तर उरलेलाही बाहेर येतो. झटकन आत-बाहेर केलं तर सुईतला काही भाग परत येतो. म्हणजे खूण एकची असली तरी प्रत्यक्षात आत जातं ते एकाहून जास्त, आणि किती जास्त ते हाताच्या वेगावर ठरतं. एका माणसाचा हात एका लयीत चालतो, दुसऱ्याचा वेगळ्या. दोन शिफ्टमध्ये फरक पडतो तो इथे. प्लंजरखाली बारीक बुडबुडा राहिला तर आकारमान उलट कमी होतं, आणि तो बुडबुडा दिसत नाही.

त्यात नमुना पाण्याचा. एक मायक्रोलिटर पाण्याची इंजेक्टरमध्ये एक मिलिलिटरहून जास्त वाफ होते आणि लायनरमध्ये साधारण तेवढीच जागा असते. वाफ लायनरच्या वर उसळली तर थोडी सेप्टमकडे, म्हणजे सुई जिथून टोचतात त्या रबरी चकतीकडे, आणि गॅसच्या नळीकडे जाते. सेप्टम बऱ्याचदा टोचून झिजला असेल तर तिथूनही गळते. यातलं काहीच दर वेळी सारखं होत नाही.

हात सुधारा, हा त्यावरचा नेहमीचा सल्ला. तो चुकीचा नाही, पण रात्रपाळीला आलेल्या नव्या मुलाचा हात सुधारेपर्यंत हंगाम संपतो. मॅडमनी दुसरा मार्ग घेतला. टोचलेलं आकारमान सारखं ठेवण्याच्या नादी न लागता, ते किती गेलं हे प्रत्येक इंजेक्शनमध्येच कळेल अशी सोय केली.

प्रोपॅनॉल कशासाठी

सोय अशी की प्रत्येक नमुन्यात आणि प्रत्येक स्टँडर्डमध्ये टोचण्याआधी ठरावीक मापाने दुसरा एक पदार्थ मिसळायचा. हा इंटर्नल स्टँडर्ड, मराठी पुस्तकांच्या भाषेत अंतर्गत प्रमाणक. इथे तो होता एन-प्रोपॅनॉल. लिटरला ६० ग्रॅम प्रोपॅनॉलचं पाण्यातलं द्रावण करून ठेवलं. ५ मिली अर्क, ५ मिली हे द्रावण, आणि पाण्याने १०० मिली. टोचायच्या द्रावणात प्रोपॅनॉल लिटरला ३.०० ग्रॅम झालं. स्टँडर्डसाठी अर्काच्या जागी लिटरला ६० ग्रॅम इथेनॉलचं द्रावण घेतलं, बाकी सगळं तेच. म्हणजे स्टँडर्डमध्ये दोन्ही लिटरला ३.०० ग्रॅम.

इथेनॉलचा एरिया त्याच्या संहतीवर आणि टोचलेल्या आकारमानावर अवलंबून असतो. प्रोपॅनॉलचाही तसाच. दोन्ही एकाच सुईतून, एकाच क्षणी, एकाच वाफेच्या ढगात आत गेलेले असतात, त्यामुळे दोघांचं आकारमान एकच. एका एरियाला दुसऱ्याने भागलं की आकारमान वरही असतं आणि खालीही, म्हणून ते उडून जातं. खाली A म्हणजे एरिया, C म्हणजे संहती, V म्हणजे टोचलेलं आकारमान आणि k म्हणजे त्या पदार्थाला डिटेक्टरचा प्रतिसाद; E इथेनॉल, P प्रोपॅनॉल:

```
A(E) = k(E) × C(E) × V
A(P) = k(P) × C(P) × V
A(E)/A(P) = [k(E)/k(P)] × [C(E)/C(P)]
```

शेवटच्या ओळीत V नाही. सगळी पद्धत एवढ्यावर उभी आहे. सिरिंजने ०.९ दिलं काय किंवा १.५ दिलं काय, गुणोत्तर तेच राहतं. तिसऱ्या नंबरच्या अर्कात प्रोपॅनॉल घालून केलेली पाच इंजेक्शनं अशी:

| इथेनॉल एरिया | प्रोपॅनॉल एरिया | गुणोत्तर |
|---|---|---|
| ९६८ | १,१९० | ०.८१३४ |
| ८८४ | १,०८५ | ०.८१४७ |
| १,०११ | १,२४८ | ०.८१०१ |
| ९३७ | १,१५१ | ०.८१४१ |
| १,०५१ | १,२९६ | ०.८११० |

पहिला रकाना एकटा पाहिला तर त्याचं सापेक्ष प्रमाण विचलन ६.७ टक्के येतं. तिसऱ्या रकान्याचं पाव टक्का. हात तोच, सिरिंज तीच.

स्टँडर्डच्या तीन इंजेक्शनांचं गुणोत्तर सरासरी ०.७६२ आलं. दोन्ही पदार्थ वजनाने सारखे असताना गुणोत्तर एक का नाही, असं शिफ्ट केमिस्टने विचारलं. एफआयडी ग्रॅम मोजत नाही. ज्योतीत कार्बन जळताना जे आयन होतात ते मोजतो, आणि ऑक्सिजनला चिकटलेल्या कार्बनची साक्ष कमी धरतो. एका ग्रॅम प्रोपॅनॉलमध्ये अशा मोजल्या जाणाऱ्या कार्बनचा वाटा इथेनॉलपेक्षा जास्त, म्हणून त्याचं पीक मोठं. हा फरक k(E)/k(P) मध्ये येतो आणि स्टँडर्ड टोचून तो एकदा काढला की झालं.

आता हिशेब. नमुन्याचं सरासरी गुणोत्तर ०.८१२७ भागिले ०.७६२१, म्हणजे १.०६६. गुणिले ३.०० केलं की टोचलेल्या द्रावणात इथेनॉल लिटरला ३.२० ग्रॅम. वीसपट पातळ केलेलं, म्हणून अर्कात ६४.० ग्रॅम. इथेनॉलची घनता मिलीला ०.७८९ ग्रॅम धरली की आकारमानाने ८.११ टक्के. पाच इंजेक्शनांपैकी कुठलंही एकटं घेतलं असतं तरी उत्तर ८.०८ ते ८.१३ च्या आतच आलं असतं. आधीच्या पद्धतीने याच पाचांतून ७.४ ते ८.८ यांतलं काहीही निघालं असतं. दोन्ही शिफ्टनी हातात आलं तेच लिहिलं होतं.

एन-प्रोपॅनॉलच का, याचंही कारण आहे. त्याचा उत्कलनबिंदू ९७ अंश, इथेनॉलचा ७८. सुईतून उकळून बाहेर पडताना दोघं जवळपास बरोबरच पडतात. याऐवजी १५७ अंशांना उकळणारं हेक्झॅनॉल घेतलं असतं तर हळू हाताने टोचताना इथेनॉल सुईतून पुढे निघालं असतं आणि हेक्झॅनॉलचा काही भाग सुईतच राहिला असता. मग दोघांसाठी V वेगळा होतो, तो कटत नाही, आणि गुणोत्तरही हाताबरोबर डोलू लागतं. शिवाय प्रोपॅनॉल या कॉलमवर इथेनॉलनंतर स्वच्छ वेगळं निघतं, त्याच्या अंगावर दुसरं पीक येत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आला. यीस्ट स्वतःही थोडं प्रोपॅनॉल बनवतं, मग नमुन्यात आधीच असलेल्याचं काय? म्हणून प्रोपॅनॉल न घालता नुसता अर्क एकदा टोचून पाहिला. त्या जागी बारीकसा फुगवटा होता. वॉशमधलं प्रोपॅनॉल लिटरला काही डझन मिलिग्रॅम, आणि आपण तेवढ्याच अर्कात घालतो ते लिटरला ६० ग्रॅम, म्हणजे ६०,००० मिलिग्रॅम. फरक हजारात एकाच्या आसपास. वॉशच्या इथेनॉलसाठी हे चालतं. पण याच प्रयोगशाळेत उद्या रेक्टिफाइड स्पिरिटमधले फ्युजेल अल्कोहोल, म्हणजे इथेनॉलपेक्षा जड अल्कोहोल, मोजायचे झाले तर एन-प्रोपॅनॉल चालणार नाही, कारण तिथे तोच मोजायचा पदार्थ असतो. मद्यार्कातल्या अशा कामाला ३-पेंटॅनॉलसारखा पदार्थ घेतात, जो किण्वनात सहसा तयार होत नाही.

पाच नंबरचं ९.८

पद्धत बसली, शिफ्टचे आकडे जुळायला लागले आणि प्रयोगशाळा निवांत झाली. मग एका सकाळी शिफ्ट केमिस्ट वही घेऊन आला. "मॅडम, पाच नंबरला ९.८ आलंय. तीन इंजेक्शनं केली, तिन्ही जुळतात."

गुणोत्तरं होती ०.९८५१, ०.९८७० आणि ०.९८३५. इतकी जवळ की शंका घ्यायला जागाच नाही असं वाटावं. पण मॅडमनी आधी सेट-अपचा कागद मागवला. पाच नंबर भरताना किण्वनक्षम साखर लिटरला १४५ ग्रॅम होती. अशा साखरेच्या एका ग्रॅमपासून सिद्धांतानेसुद्धा ०.५११ ग्रॅमपेक्षा जास्त इथेनॉल होऊ शकत नाही. १४५ गुणिले ०.५११ म्हणजे ७४.१ ग्रॅम, आकारमानाने ९.३९ टक्के. आणि कागदावर होतं ९.८३. यीस्टने साखरेपेक्षा जास्त दारू काढली असा त्याचा अर्थ होतो, आणि यात अजून यीस्टने स्वतःच्या वाढीला आणि ग्लिसरॉलला खर्चलेली साखर वजा केलेलीच नाही.

मग वहीतला प्रोपॅनॉलचा रकाना पाहिला, जो गुणोत्तर काढल्यावर सहसा कुणी पुन्हा पाहत नाही. पाच नंबरच्या तीन इंजेक्शनांत प्रोपॅनॉलचा एरिया १,०१०, ९२१, ९६८. सरासरी साधारण ९६६. आधीच्या दिवसांत हा आकडा १,२०० च्या आजूबाजूला हलायचा. कमी-जास्त व्हायचा, पण मध्य तिथेच असायचा. इथे मध्यच वीस टक्के खाली आला होता. इथेनॉलचे एरिया मात्र ९९५, ९०९, ९५२, म्हणजे नेहमीसारखे.

माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात उपयोगी निरीक्षण हेच आहे. कमी आकारमान टोचलं गेलं असेल तर दोन्ही पीक एकत्र लहान होतात. प्रोपॅनॉल एकटंच लहान झालं आणि इथेनॉल जागेवर राहिलं, तर दोष सिरिंजकडे नाही. टोचण्याच्या आधीच द्रावणात प्रोपॅनॉल कमी पडलंय. हाताने टोचलेल्या एकट्या इंजेक्शनवरून हे सांगता येत नाही, कारण सात टक्के तर ते तसंही हलतं. पण तीन-चार इंजेक्शनांची सरासरी वीस टक्के सरकली तर ती हलण्यातली नसते.

चौकशीत कारण सापडलं. प्रोपॅनॉलची जुनी बाटली आदल्या रात्री संपली होती. रात्रपाळीने नवी केली आणि ६० ग्रॅमऐवजी ६० मिली मोजून लिटर केलं. प्रोपॅनॉलची घनता मिलीला ०.८०३ ग्रॅम, म्हणजे बाटलीत लिटरला ४८.२ ग्रॅमच आलं. टोचायच्या द्रावणात ३.०० ऐवजी २.४१. खालचा आकडा घटला, गुणोत्तर फुगलं, आणि ७.९ चं ९.८ झालं.

पण ६० ऐवजी ४८.२ होणं ही खरी चूक नव्हती. स्टँडर्ड जुन्या बाटलीतून केलेलं होतं आणि नमुना नव्या बाटलीतून, घोटाळा झाला तो त्यामुळे. दोन्हींत एकाच बाटलीतलं द्रावण गेलं असतं तर प्रोपॅनॉल लिटरला ६० आहे, ४८ आहे की ५५, याने काही बिघडलं नसतं. स्टँडर्डमधली आणि नमुन्यातली C(P) सारखी असली की तीही कटून जाते. मॅडमनी बाटली फेकली नाही. त्याच नव्या बाटलीतून स्टँडर्ड पुन्हा केलं. त्याचं गुणोत्तर ०.९४९ आलं. ०.९८५२ भागिले ०.९४९, गुणिले ३.००, गुणिले २०, म्हणजे लिटरला ६२.३ ग्रॅम, आकारमानाने ७.९० टक्के. साखरेच्या हिशेबाने कार्यक्षमता ८४ टक्के, त्या डिस्टिलरीला साजेशीच.

केमिस्टचा प्रश्न वाजवी होता: तीन इंजेक्शनं इतकी जुळली कशी? ती जुळणारच होती. इंटर्नल स्टँडर्ड घातल्यानंतर जे घडतं, म्हणजे पातळ करताना खुणेच्या थोडं वर-खाली भरलं जाणं, टोचणं, सेप्टममधून गळणं, तेवढंच या पद्धतीत दुरुस्त होतं. घालण्याआधी आणि घालताना झालेली चूक प्रत्येक इंजेक्शनमध्ये जशीच्या तशी उतरते. एकाच फ्लास्कमधून कितीही वेळा टोचलं तरी ती दिसत नाही. ५ मिलीचा पिपेट नीट रिकामा झाला नाही तर तेच होतं. त्यासाठी एकाच अर्काचे दोन फ्लास्क स्वतंत्रपणे करून पाहावे लागतात. पण बाटलीच चुकीची असेल तर दोन्ही फ्लास्कसुद्धा एकमेकांशी छान जुळतील. पाच नंबरला तसंच झालं असतं. तिथे फक्त प्रोपॅनॉलचा रकाना किंवा साखरेचा हिशेब बोलतो.

अर्क काढताना उडालेलं इथेनॉलही या पद्धतीच्या आवाक्याबाहेर होतं. कंडेन्सरचं पाणी मंद असेल आणि वाफ निसटली तर अर्कातच इथेनॉल कमी असतं आणि प्रोपॅनॉल त्यानंतर घातलं जातं. प्रोपॅनॉल आधीच वॉशमध्ये घालून दोघांना एकत्र उकळावं, असा विचार पुढे आला. करता येतं, आणि नंतर अर्क १०० च्या खुणेला बरोबर आणण्याची चिंताही कमी होते. मात्र कंडेन्सरमधून निसटताना जास्त बाष्पनशील असलेलं इथेनॉल प्रोपॅनॉलपेक्षा थोडं पुढे असतं, म्हणून दुरुस्ती पूर्ण होईल असं धरू नये. इथे कंडेन्सरच दुरुस्त केला. माझ्या मते ते बरं झालं, कारण गळती झाकण्यासाठी पद्धत वापरली की गळती वाढत जाते.

एक मर्यादा नळीच्या दुसऱ्या टोकालाही असते. सिरिंजमध्ये दोन-तीन मायक्रोलिटर ओढून टोचलं तर आकारमान कटेल म्हणून निर्धास्त राहता येत नाही. कॉलम भरून वाहू लागला, पीक पुढे झुकलं, किंवा डिटेक्टर सरळ रेषेत वाढेनासा झाला, की एरिया आणि आकारमान यांचं नातंच तुटतं. वरची तीन सूत्रं त्या नात्यावरच उभी आहेत.

याच जिल्ह्यात हळदीतलं कर्क्युमिन मोजणाऱ्या प्रयोगशाळाही आहेत. तिथे एचपीएलसी, म्हणजे वाफेऐवजी द्रवातच पदार्थ वेगळे करणारं यंत्र, असते आणि नमुना ठरावीक २० मायक्रोलिटरच्या लूपमधून जातो. लूप नीट भरून वाहू दिला तर आकारमान इंजेक्शनागणिक फारसं हलत नाही. अशा ठिकाणी आकारमानासाठी म्हणून इंटर्नल स्टँडर्ड घालण्यात फायदा थोडा आणि एक जादा पिपेट मारण्याची, एक जादा पीक मोजण्याची अनिश्चितता पदरात. गुणोत्तरात दोन्ही पीकांची चूक येते हे विसरलं जातं. आकारमान हलत असेल तरच हा सौदा परवडतो. डिस्टिलरीच्या हाताने टोचण्यात तो नक्की परवडला.

त्या प्रयोगशाळेच्या वहीत आता गुणोत्तराच्या डावीकडे दोन रकाने वाढलेत. एक प्रोपॅनॉलच्या एरियाच्या तीन इंजेक्शनांच्या सरासरीचा. दुसरा प्रोपॅनॉलच्या बाटलीच्या तारखेचा. नमुन्याच्या ओळीत आणि त्या दिवसाच्या स्टँडर्डच्या ओळीत तारीख वेगळी दिसली की आकडा उत्पादन विभागाकडे जात नाही, आधी स्टँडर्ड पुन्हा होतं. नवी बाटली आता तराजूवर वजन करून भरतात आणि लेबलवर ग्रॅम लिहितात.